गवार उतरली नाही, मेथी उतरली

भाद्रपदातला पितृपंधरवडा लागला की पुण्याच्या मंडईत गवारीचा भाव चढतो. श्राद्धाच्या स्वयंपाकाला गवार, भेंडी, कारली, लाल भोपळा, अळू या ठरलेल्या भाज्या लागतात, आणि पंधरा दिवस जवळजवळ प्रत्येक घराची यादी तीच असते. मागणी एकदम वाढते, पण शेतातली गवार काही तिथी बघून वाढत नाही. मग गिऱ्हाईक आणि भाजीवाली यांच्यात घासाघीस सुरू होते. या दिवसांत ती नीट ऐकण्यासारखी असते, कारण कोणती भाजी भावात उतरते, कोणती उतरत नाही आणि का, हे तिच्यातून स्पष्ट कळतं.

पुण्याची ही जुनी मंडई १८८६ मध्ये 'रे मार्केट' या नावानं सुरू झाली. त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव तिला दिलं होतं. आज ती महात्मा फुले मंडई आहे. इथल्या गाळ्यांवर आणि आजूबाजूच्या रस्त्यावर बसणारे विक्रेते बहुतेक माल गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून आणतात. तिथला घाऊक बाजार पहाटेच सुरू होतो. ही गोष्ट लक्षात ठेवली, की मंडईत संध्याकाळी चालणारं बोलणं समजायला सोपं जातं.

पुढचा संवाद एका दिवशी, एका ठिकाणी झालेला नाही. मंडईत रोज कानांवर पडणाऱ्या वाक्यांतून तो जुळवला आहे. वेळ संध्याकाळी सहाची. भाजीवाली पन्नाशीच्या पुढची आहे, म्हणून गिऱ्हाईक तिला 'मावशी' म्हणतं. गिऱ्हाईक नोकरीवरून परतणारी बाई आहे, तिला मावशी 'ताई' म्हणतात. दोघी एकमेकींना 'तुम्ही' म्हणतात.

ताई : मावशी, गवार कशी दिली?

मावशी : तीस रुपये पाव, ताई. कोवळी आहे, मोडून बघा एखादी.

ताई : तीस? म्हणजे एकशेवीस रुपये किलो झाली की! गेल्या आठवड्यात वीसला पाव नेली होती मी.

मावशी : गेल्या आठवड्यात पित्रं नव्हती ना. आता मार्केटलाच चढ आहे.

ताई : वीसनं द्या. अर्धा किलो घेते.

मावशी : वीसनं माझी खरेदीपण नाही.

ताई : बरं, पंचवीस लावा.

मावशी : नाही परवडत. अर्धा किलो घेताय तर पंचावन्न द्या. त्याच्या खाली नाही जमायचं.

ताई : पन्नास करा की. मी नेहमी तुमच्याकडेच येते.

मावशी : म्हणून तर पंचावन्न सांगितले. नव्या माणसाला साठच सांगते.

ताई : द्या मग. निबर शेंगा घालू नका.

मावशी : तुम्हीच घाला पिशवीत.

आधी पहिल्या दोन वाक्यांकडे पाहू. ताईंनी नुसतं 'कशी दिली' विचारलं. किलोला की पावाला, ते विचारलं नाही. मावशींनी पावाचा भाव सांगितला. महाग भाजीचा भाव पावाला सांगायची मंडईत रीतच आहे, कारण अशी भाजी लोक पाव किलो, अर्धा किलोच घेतात. पण त्यामुळे आकडा लहान ऐकू येतो, आणि नवखा माणूस 'तीस'ला किलोचा भाव समजून पिशवी पुढे करतो. ताईंनी लगेच मनातल्या मनात चारनं गुणलं आणि 'एकशेवीस' असं मोठ्यानं म्हटलं. घासाघिशीची सुरुवात या गुणाकारापासून होते. तो केल्याशिवाय बोली लावू नये.

नंतर ताईंनी गेल्या आठवड्याचा भाव काढला, तर मावशींनी मार्केटचा चढ सांगितला. गिऱ्हाइकाला हे उत्तर टाळाटाळीचं वाटतं. ते खरं आहे का, हे तपासायला मावशींच्या दिवसाचा हिशेब मांडून बघू. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, पण हिशेब असाच होतो.

समजा, मावशींनी सकाळी दहा किलो गवार ८०० रुपयांना घेतली. त्यावर अडत येते. महाराष्ट्रात २०१६ पासून फळं आणि भाजीपाल्यावरची अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घेतली जाते, त्यामुळे ती मावशींच्या खरेदीत जमा होते. शिवाय पोतं उचलण्याची हमाली आणि मंडईपर्यंतच्या टेम्पोत मावशींच्या मालाचा वाटा. हे सगळं मिळून ८० रुपये धरू. म्हणजे दहा किलो गवार गाळ्यावर येईपर्यंत ८८० रुपयांची झाली.

पण विकायला दहा किलो उरत नाही. काही शेंगा निबर निघतात, काही किडक्या असतात, काही प्रवासात मोडतात. दिवसभरात गवार सुकते तसं तिचं वजन घटतं. शिवाय प्रत्येक तोलाला चार-दोन शेंगा जास्त जातात. विक्रेते या सगळ्याला 'घट' म्हणतात. दहा किलोला एक किलो घट धरली, तर नऊ किलो गवारीतून ८८० रुपये निघायला हवेत. म्हणजे एक किलो गवार मावशींना जवळजवळ ९८ रुपयांना पडली.

आता ताईंच्या बोलीकडे परत येऊ. 'वीसनं द्या' म्हणजे ८० रुपये किलो. तो घाऊक बाजारातला भाव झाला. त्यात हमाली नाही, टेम्पो नाही, घटही नाही. मावशींचं 'वीसनं माझी खरेदीपण नाही' हे वाक्य शब्दशः खरं आहे. 'पंचवीस' म्हणजे १०० रुपये किलो. नऊ किलो गवार त्या भावानं विकली, तर मावशींच्या हातात ९०० रुपये येतात आणि दिवसभराच्या कमाईचे २० उरतात. अर्ध्या किलोचे पंचावन्न म्हणजे ११० रुपये किलो. त्या भावानं सगळी गवार गेली, तर मावशींना ११० रुपये सुटतात. आणि सांगितलेल्या १२० रुपयांनी गेली, तर २००. म्हणजे ताईंना खेळायला जागा होती ती किलोमागे वीस-बावीस रुपयांची. त्यातले दहा मावशींनी दोनच वाक्यांत सोडले, आणि ते अर्धा किलो घेण्याच्या अटीवर सोडले. पाव किलो घेतली असती, तर तीसच पडले असते.

गवार त्याच्या खाली आली नाही, याचं आणखी एक कारण आहे. ती उद्याही विकली जाणार आहे. रात्री ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवली, तर गवार दुसऱ्या दिवशी बऱ्यापैकी दिसते, आणि पितृपंधरवड्यात उद्याही कुणाकडे तरी तिथी असणारच. मावशींना आज रात्रीच गवार संपवायची घाई नाही.

मेथीची गोष्ट वेगळी आहे.

ताई : मेथी कशी जुडी?

मावशी : पंधरा रुपये.

ताई : मान टाकलीय पानांनी.

मावशी : सकाळचीच आहे हो. संध्याकाळ झाली, मेथी किती तग धरणार? सकाळी वीसला दिली.

ताई : दोन घेते, वीसला द्या.

मावशी : पंचवीस द्या दोनचे.

ताई : घरी जाऊन निवडेपर्यंत निम्मी पिवळी निघेल, मावशी. वीस.

मावशी : बरं, घ्या. तीन न्या, पंचवीसला तीन देते.

ताई : नको, दोन बास. घरात माणसं तीनच आहेत.

गवारीच्या वेळी मावशी किलोमागे दहा रुपयांवर अडल्या होत्या. इथे सकाळच्या भावाच्या निम्म्यावर आल्या, आणि आणखी स्वस्तात तिसरी जुडी द्यायला स्वतःहून तयार झाल्या. दोन मिनिटांत मावशींचा स्वभाव काही बदलला नाही. बदलला तो हिशेब.

पालेभाजी घाऊक बाजारात शेकड्यानं विकली जाते. समजा, मावशींनी पन्नास जुड्या घेतल्या आणि सगळा खर्च धरून जुडी अकरा रुपयांना पडली. म्हणजे एकूण ५५० रुपये गेले. दुपारपर्यंत पंचवीस जुड्या वीसच्या भावानं गेल्या, त्याचे ५०० आले. दुपारनंतर बारा जुड्या पंधरानं गेल्या, त्याचे १८० आले. म्हणजे सहा वाजता ताई आल्या तेव्हा ६८० रुपये हातात होते आणि खरेदी वसूल झाली होती. उरलेल्या तेरा जुड्यांतल्या तीन काळवंडल्या. राहिलेल्या दहा जुड्यांचं आता काय होणार, एवढाच प्रश्न उरतो. उद्या सकाळी ताज्या मेथीची गाडी येईल. तिच्याशेजारी कालची जुडी कुणी पाच रुपयांनाही घेणार नाही. म्हणून जुडी कितीला पडली होती, हा विचार मावशी करत नाहीत. रात्री नऊला तिचे किती येतील, हा विचार करतात. त्या हिशेबानं दहा रुपये चांगलेच आहेत.

त्यामुळे मेथी, कोथिंबीर, पालक, शेपू, चाकवत यांच्या भावात सकाळ आणि संध्याकाळ यांच्यात मोठा फरक पडतो. कांदा, बटाटा, लसूण यांच्या भावात तो जवळजवळ पडत नाही. कांदा आठ दिवस गाळ्यावर पडून राहिला तरी विकला जातो, म्हणून कांदेवाल्याला गिऱ्हाइकाची वाट बघणं परवडतं. शिवाय कांदा-बटाट्यावर किलोमागे सुटतात मोजके रुपये. तिथे दोन रुपयांसाठी दहा मिनिटं उभं राहण्यात अर्थ नसतो. हा नियम मनात पक्का करून ठेवावा : भाजी जितकी लवकर नासणारी, तितकी संध्याकाळी घासाघिशीला जागा जास्त.

पण संध्याकाळच्या स्वस्त जुडीत खोट कुठे असते, हेही बघायला हवं. वरून पाणी मारलेली मेथी ताजी दिसते आणि आत, बांधलेल्या जागी, सडायला लागलेली असते. जुडी उलटी करून देठांकडून बघावी. देठ काळे किंवा बुळबुळीत लागले, तर ती दहालाही महाग. नुसती मान टाकलेली असेल, तर हरकत नाही. अशी मेथी घरी गार पाण्यात ठेवली की बरीच उभी राहते. आणखी एक गोष्ट, आवक कमी असते तेव्हा भाव वाढतोच असं नाही. पुष्कळदा भाव तोच राहतो आणि जुडी बारीक होते. म्हणून जुडीचा भाव विचारताना हातात धरून तिचा घेर बघावा.

मग टोमॅटो.

ताई : टोमॅटो?

मावशी : तीस रुपये किलो. अहो ताई, निवडून नाही. निवडून घेतले तर चाळीस.

ताई : मऊ झालेले कोण खाणार?

मावशी : आमटीत चालतात. सरसकट घ्या, तीसनं देते.

ताई : निम्मे मी निवडते, निम्मे तुम्ही घाला.

मावशी : निवडा. पण दाबून बघू नका, बाई.

इथे घासाघीस रुपयांवरून झालीच नाही. तीसचा भाव ताईंनी मान्य केला आणि त्या भावात कोणते टोमॅटो मिळणार, यावर बोलणं झालं. टोमॅटोचा क्रेट साधारण वीस किलोचा असतो. त्यात वरच्या थरात टणक फळ, तळाला दबलेलं, मध्ये काही कच्चं, काही फार पिकलेलं असा सगळा माल एकत्र येतो. मावशींनी घाऊक भाव सगळ्याला सारखाच दिलेला असतो. पहिल्या दहा गिऱ्हाइकांनी टणक फळं वेचून नेली, तर मागे जे उरतं ते अकराव्याला कुणी विकूच शकत नाही. 'निवडून चाळीस, सरसकट तीस' यातला दहाचा फरक मागे राहणाऱ्या मऊ टोमॅटोंची भरपाई आहे.

ताईंचा तोडगा मला फार आवडतो आणि मंडईत तो नेहमी चालतो. निम्मं तुमचं, निम्मं माझं. मऊ टोमॅटो त्या संध्याकाळच्या सारात वापरतील, टणक दोन-तीन दिवस ठेवतील. मावशींचे मऊ टोमॅटोही थोडे गेले. कुणीच कुणाला फसवलं नाही.

'दाबून बघू नका' यामागेही कारण आहे. अंगठ्यानं दाबलेला टोमॅटो तासाभरात त्या जागी मऊ पडतो. भेंडीचं टोक मोडून बघणाऱ्यांवर विक्रेते चिडतात ते याचसाठी. टोक मोडलं की भेंडी कोवळी आहे हे कळतं, पण टोक मोडलेली भेंडी काळी पडायला लागते आणि पुढचं गिऱ्हाईक ती बाजूला सारतं. एखादी मोडावी आणि ती आपल्याच पिशवीत टाकावी. दहा मोडून न घेता निघून जाणं हे मावशींच्या मालाचं नुकसान आहे.

शेवटी हिशेब होतो.

मावशी : पंचावन्न, वीस, तीस. एकशेपाच झाले.

ताई : शंभर घ्या.

मावशी : आता आणखी काय कमी करायचं? फोनवरच देताय ना, एकशेपाच टाका.

ताई : मग थोडी कोथिंबीर घाला.

मावशी : आज कोथिंबिरीचं नाव काढू नका. चार मिरच्या देते आणि कढीपत्ता.

ताई : चालेल. येते, मावशी.

पूर्वी वरचे पाच रुपये बहुतेक वेळा सुटायचे, कारण दोघांकडेही सुट्टे नसायचे. शंभराची नोट पुढे केली की विषय संपायचा. आता गाळ्यावर क्यूआर कोडचा फलक लटकतो आणि एकशेपाच म्हणजे एकशेपाच येतात. विक्रेत्याच्या दृष्टीनं हे चांगलं झालं. गिऱ्हाइकाकडे मात्र घासाघिशीचं एक जुनं साधन कमी झालं, आणि त्याची जागा मिरच्या-कढीपत्त्यानं घेतली. 'वर टाका' असं म्हणताना मावशींना काय द्यायला परवडेल, ते बघून मागावं. कढीपत्ता त्यांना जवळजवळ फुकट पडतो. पावसानं कोथिंबीर सडते तेव्हा एका जुडीला तीस-चाळीस रुपये पडतात, आणि अशा दिवशी मूठभर कोथिंबीर फुकट मागणं म्हणजे पाच-सात रुपये मागण्यासारखं आहे. चार मिरच्यांना कुणी नाही म्हणत नाही.

बोलण्याच्या रीतीबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण भाव बरेचदा तिथेच बिघडतो. 'द्या', 'लावा', 'करा की' ही विनंतीची वाक्यं आहेत. त्यांना उत्तर मिळतं. 'लुटायला बसलात का' याला उत्तर मिळत नाही, भांडण मिळतं. मालाला नावं ठेवून भाव पाडण्याची सवय काहींना असते. मेथीची पानं मान टाकलेली असतील, तर तसं म्हणावं. ती खरी गोष्ट आहे आणि मावशींनाही ती दिसते. पण ताज्या गवारीला 'कालची आहे' म्हटलं, की पहाटे उठून ती आणणाऱ्या बाईला ते लागतं आणि ती हट्टानं साठवरच बसते. 'दुसरीकडे पंचवीसला आहे' हे वाक्यही जपून वापरावं. शेजारी-शेजारी बसणाऱ्या विक्रेत्यांना एकमेकांचे भाव माहीत असतात. ते खरं असेल, तर मावशी स्वतःच म्हणतात, 'तिचा माल बघा आणि मग माझा बघा.'

निघून जाण्याचा डाव सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात एक बारीक खूण असते. भावात जागा असेल, तर तुम्ही दोन-चार पावलं गेलात की मागून हाक येते. हाक आली नाही, तर सांगितलेला भाव खरा होता असं समजावं आणि पुन्हा परत जाऊन तोच भाव देण्यात कमीपणा मानू नये. सकाळी पहिलं गिऱ्हाईक असाल, तर चित्र थोडं वेगळं असतं. भवानी व्हायच्या आधी आलेल्या माणसाला रिकाम्या हातानं पाठवायला विक्रेते नाखूश असतात, म्हणून थोडं कमी करून देतात. पण तेव्हा उधारीही मागू नये आणि उगाच भाव विचारून निघूनही जाऊ नये.

भावावर इतकं बोलून झाल्यावर गिऱ्हाईक वजनाकडे बघायला विसरतं. भावात वाचवलेले पाच रुपये मापात परत जाऊ शकतात. इलेक्ट्रॉनिक काटा असेल, तर पिशवी ठेवण्याआधी त्यावर शून्य दिसतं का, ते बघावं. पाटी किंवा टोपली ठेवून भाजी तोलत असतील, तर आधी तिचं वजन वजा केलं आहे ना, तेही बघावं. हाताची तागडी असेल, तर दोन्ही पारडी रिकामी असताना एका पातळीवर येतात का, एवढं पुरे. वजनं लोखंडाची आणि शिक्का मारलेली असावीत. दगड ठेवून तोलणं कायद्याला चालत नाही. वैध मापनशास्त्र विभाग काटे आणि वजनं ठरावीक काळानं तपासून शिक्का मारतो. इलेक्ट्रॉनिक काट्याची तपासणी दर वर्षी करून घ्यावी लागते. माप बघितलं म्हणून प्रामाणिक विक्रेत्याला राग येत नाही. बहुतेक जण स्वतःच काटा आपल्याकडे वळवून दाखवतात आणि अर्ध्या किलोवर दहा-वीस ग्रॅम जास्तच टाकतात. तागडीच्या दिवसांत ज्याला झुकतं माप म्हणत, ते हेच.

एक साधन मात्र प्रत्येक वाचकाच्या घरी येतं आणि ते फार कमी जण वापरतात. मार्केट यार्डात रविवारी सर्वांत मोठी आवक असते आणि सोमवारच्या मराठी वर्तमानपत्रांत भाज्यांचे घाऊक भाव छापून येतात. फळभाज्यांचे भाव दहा किलोला दिलेले असतात आणि पालेभाज्यांचे शेकड्याला. दहा किलोला ८०० बघून पुष्कळजण ८० रुपये किलो मनात धरतात आणि मंडईत १२० ऐकून चिडतात. वर मांडलेल्या हिशेबात ८० रुपयांची गवार विक्रेत्याला ९८ ला पडली होती. म्हणजे छापलेल्या भावाला दहानं भागावं आणि त्यात चौथा हिस्सा मिळवावा. विक्रेत्याची खरेदी साधारण तेवढ्याला पडते. पालेभाज्यांना घट जास्त, म्हणून तिथे थोडं अधिक धरावं. हा आकडा मनात घेऊन मंडईत जा, त्याच्यावर जे असेल त्यावर हवी तितकी घासाघीस करा, आणि त्याच्या खाली संध्याकाळच्या पालेभाजीशिवाय काही मागू नका.